फोटोतला जांभळा किती खरा? भडक रंगाच्या फोटोवरून गारवेल ओळखताना

वेलीवर फूल निळं दिसलं होतं. फोटो पाहिला तर तेच फूल झगझगीत जांभळं, पाकळीवरच्या शिरा गायब, पानं प्लॅस्टिकची असावीत तशी हिरवीगार. पुस्तकात निळं फूल एका जातीचं दिलेलं असतं आणि जांभळं दुसऱ्या जातीचं, त्यामुळे नवशिका फोटोतला रंग पुस्तकातल्या रंगाशी जुळवतो आणि चुकीचं नाव लिहून मोकळा होतो. भडक झालेल्या फोटोतूनही रंगाची थोडी माहिती काढता येते. ती कुठून काढायची आणि किती मानायची, हे गारवेलींच्या उदाहरणावरून पाहू. मॉर्निंग ग्लोरीच्या या गोतात निळ्या-जांभळ्याचा घोळ सगळ्यात जास्त होतो.

कोणत्या तीन वेलींत गोंधळ होतो

आयपोमिया निल, आयपोमिया पर्प्युरिया आणि आयपोमिया इंडिका. तिघींची फुलं कर्ण्याच्या आकाराची आणि तिघींची नळी फिकट. निलचं फूल फिकट ते लख्ख निळं असतं, नळी बहुधा पांढरी. पर्प्युरियाचं फूल जांभळं, लालसर जांभळं किंवा निळसर जांभळं, कधी गुलाबी किंवा पांढरंही. इंडिकाचं गडद निळं ते निळसर जांभळं. बागेत लावलेल्या निलच्या वाणांत तर बहुतेक सगळे रंग सापडतात.

म्हणजे रंगांच्या पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. रंगावरून एखादी शक्यता मागे पडते, नाव मात्र ठरत नाही. नाव ठरतं फुलाच्या मागच्या हिरव्या निदलांवरून, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या पाच हिरव्या भागांवरून. तिथे आपण शेवटी येऊच. आधी रंग, कारण बहुतेकांच्या हातात असतो तो समोरून काढलेला एकच फोटो.

रंग बिघडतो कसा

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक आकडा 0 ते 255 च्या दरम्यान असतो. 255 च्या वर जागाच नाही, त्यामुळे एखादा आकडा तिथे पोचला की अडकतो आणि बाकीचे दोन वाढत राहतात.

समजा, मंद उजेडात एका पाकळीचे आकडे 120, 90, 225 आहेत. हा जांभळट झाक असलेला निळा. उजेड एक-तृतीयांशाने वाढला तर ते 160, 120, 300 व्हायला हवेत. पण 300 मावत नाहीत, म्हणून नोंद होते 160, 120, 255. निळा थांबला, लाल पुढे गेला, आणि पाकळी जांभळ्याकडे झुकली. कॅमेरा बहुधा सगळ्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो. आजूबाजूला गर्द पानं असतील तर तो उजेड वाढवून घेतो आणि फुलाचा निळा आकडा टोकाला जातो.

यावर फोनचं सॉफ्टवेअर सॅच्युरेशन वाढवतं. सॅच्युरेशन वाढवणं म्हणजे प्रत्येक आकडा त्या ठिपक्याच्या करड्या सरासरीपासून आणखी दूर ढकलणं. डोळ्याच्या संवेदनशीलतेनुसार काढलेली ही सरासरी आपल्या ठिपक्यासाठी साधारण 147 येते. दीडपट ताणलं की आकडे होतात 167, 107 आणि पुन्हा 255. सुरुवातीला लाल निळ्याच्या निम्म्याहून किंचित जास्त होता, आता तो जवळजवळ दोन-तृतीयांश आहे. निळ्या फुलाचं जांभळं झालं ते असं. (प्रत्यक्षात कॅमेऱ्याचा हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, पण कल हाच.)

यात महत्त्वाची गोष्ट ही, की आकडे टोकाला अडकेपर्यंत नुसतं सॅच्युरेशन वाढवल्याने रंगाची जात फारशी बदलत नाही, फक्त तो भडक होतो. खरी मोडतोड आकडा अडकल्यावर होते. म्हणून भडक फोटोत शोधायची ती आकडे न अडकलेली जागा.

पहिलं काम: मूळ फाइल मिळवा

मेसेजमधून पुढे पाठवलेला फोटो घेऊ नका. तो पुन्हा दाबलेला असतो, आणि फोटो कधी काढला ही नोंद त्यातून बहुतेकदा पुसली गेलेली असते. गारवेलीसाठी ती वेळ फार महत्त्वाची आहे, का ते पुढे येईल. संगणकावर `exiftool` असेल तर एका ओळीत पाहता येतं:

```
exiftool -DateTimeOriginal -Saturation -WhiteBalance IMG_0412.jpg
```

`Saturation` पुढे `High` दिसलं तर रंग कॅमेऱ्यातच वाढवलेले आहेत. फोनच्या फोटोंत ही ओळ बहुधा नसतेच. ओळ नाही म्हणजे रंग खरे, असं समजू नका.

पडदाही तपासा. बऱ्याच फोनच्या पडद्याला 'व्हिव्हिड' आणि 'नॅचरल' अशा दोन पद्धती असतात. व्हिव्हिड चालू असेल तर चांगला फोटोही भडक दिसतो आणि आपण विनाकारण फोटोला दोष देतो. नॅचरल करून पाहा, मगच पुढे जा.

दुसरं काम: फुलाकडे नको, आजूबाजूला बघा

फूल कोणत्या रंगाचं असायला हवं होतं हे आपल्याला माहीत नाही, तेच तर शोधायचंय. पण पान, वाळकी काडी, माती, फांदी धरलेली बोटं यांचे रंग डोळ्याला पक्के माहीत असतात. बोटं नारिंगी दिसतायत, वाळकी काडी सोनेरी झाली आहे, पानं विजेच्या दिव्याखाली ठेवल्यासारखी दिसतायत, तर सगळा फोटो ताणलेला आहे. पानं, बोटं नेहमीसारखी आणि फक्त फूल पेटलेलं, तर बिघाड बहुधा उजेडाचा आहे: फुलाचा एक आकडा टोकाला अडकला.

फुलावर एकच गोष्ट बघायची, शिरा आणि घड्या. गारवेलीच्या फुलावर मध्यापासून कडेपर्यंत जाणारे पाच पट्टे असतात. ते दिसत असतील तर तिथली माहिती शाबूत आहे. सगळी पाकळी एकाच रंगाने सारवल्यासारखी सपाट दिसत असेल, तर त्या भागातल्या रंगाकडे दुर्लक्ष करा.

तिसरं काम: तीन ठिकाणचे आकडे घ्या

फोटो संपादनाच्या जवळपास कोणत्याही प्रोग्रॅममध्ये ड्रॉपरसारखं एक साधन असतं. ते ठिपक्यावर ठेवलं की तिन्ही आकडे दिसतात. एकाच ठिपक्यावर विसंबू नका, 5 × 5 ठिपक्यांची सरासरी घेता येत असेल तर ती घ्या. तीन जागा निवडा: उन्हातली पाकळी, त्याच पाकळीची सावलीतली घडी, आणि फिकट घसा, म्हणजे फुलाचा नळीकडे जाणारा मधला भाग.

उन्हातल्या पाकळीचा निळा 255 असेल तर तो रंग टाकून द्या. सावलीतल्या घडीत कोणताही आकडा 255 नसावा, आणि 0 सुद्धा नसावा. 0 चा मुद्दा बरेच जण विसरतात. सॅच्युरेशन फार ताणलं की गडद जागी हिरवा आकडा 0 वर आपटतो आणि रंगांचं नातं दुसऱ्या बाजूने बिघडतं: जांभळा किंचित निळा दिसू लागतो. घडी इतकी काळी असेल तर थोडी उजळ जागा शोधा.

सावलीचा एक तोटा आहे. सावलीत थेट ऊन नसतं, आकाशाचा निळसर उजेड असतो, त्यामुळे सगळंच थोडं निळं येतं. घशाचे आकडे त्यासाठीच हवेत. सावलीत आलेल्या पांढऱ्या घशाचे तिन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर उजेडाने फारशी भेसळ केलेली नाही. निळा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच वर असेल तर तेवढी सूट पाकळीलाही द्यावी लागते. मात्र घसा नेहमी शुद्ध पांढरा नसतो, कधी त्यात गुलाबी झाक असते. शेजारी पांढरा कागद धरलेला असेल तर त्याचे आकडे जास्त भरवशाचे.

सॅच्युरेशन उतरवून पाहायचं असेल तर खुशाल पाहा. `ImageMagick` मध्ये ते असं होतं:

```
magick IMG_0412.jpg -modulate 100,70 IMG_0412_70.jpg
```

इथे 100 म्हणजे उजेड आहे तसाच, आणि 70 म्हणजे सॅच्युरेशन सत्तर टक्क्यांवर. कुठे थांबायचं हे पानांवरून आणि बोटांवरून ठरवा, फुलावरून कधीही नाही. फुलाकडे बघत सरकपट्टी हलवली की मनात असलेल्या जातीचा रंग येईपर्यंत हात थांबत नाही. आणि 255 ला अडकलेला भाग उतरवल्यावर फिका होतो, खरा होत नाही. गेलेली माहिती परत येत नाही.

वेळ आणि वय

गारवेलीचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, ढगाळ दिवशी थोडं जास्त टिकतं. या काही तासांत त्याचा रंग खरोखर बदलतो, कॅमेऱ्याचा त्यात काही संबंध नाही. याच गोतातल्या आयपोमिया ट्रायकलरच्या निळ्या वाणात हे नेमकं मोजलेलं आहे: लालसर जांभळी कळी उमलून निळी होताना पाकळीच्या वरच्या पेशींतल्या रसाचा सामू 6.6 वरून 7.7 वर जातो. रंगद्रव्य तेच राहतं, आंबटपणा घटतो आणि रंग फिरतो. फूल सुकताना ते पुन्हा लालसर जांभळ्याकडे झुकतं. निल आणि इंडिकाची फुलंही वय झाल्यावर अशीच लालसर जांभळी होतात.

म्हणून सकाळी साडेसहाचा फोटो आणि साडेअकराचा फोटो यांना एकच माप लावू नका. अकरानंतरच्या फोटोतल्या जांभळ्यावरून मी जातीबद्दल काहीच म्हणत नाही. त्याच फोटोत एखादं ताजं आणि एखादं मिटत आलेलं फूल असेल तर मात्र ती मोठी सोय होते. दोन्ही एकाच कॅमेऱ्याने, एकाच क्षणी टिपलेली असतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक बराचसा विश्वासाचा असतो.

जी चूक आकड्यांतही दिसत नाही

काही निळी फुलं दृश्य रंगांच्या अगदी लाल टोकाला भरपूर प्रकाश परावर्तित करतात. आपल्या डोळ्याला त्या टोकाचं फारसं दिसत नाही, फिल्मला किंवा सेन्सरला मात्र थोडं जास्त दिसू शकतं. त्यामुळे निळं फूल फोटोत गुलाबट जांभळं येतं. फिल्मच्या काळात एजरेटमच्या निळ्या फुलांवर हे इतकं ठळक दिसे की त्याला एजरेटम परिणाम असं नाव पडलं. निळ्या मॉर्निंग ग्लोरीतही तो दिसत असे. डिजिटल कॅमेऱ्यात तो कमी असतो, आणि किती कमी हे कॅमेऱ्यावर अवलंबून असतं. काही कॅमेरे तर उलट वागतात: डोळ्याला स्पष्ट जांभळं दिसणारं फूल निळं करून दाखवतात.

आपला कॅमेरा कोणत्या बाजूला झुकतो हे एकदाच तपासून ठेवा. ताजं निळं फूल आणि ताजं जांभळं फूल शेजारी धरा, पातळ सावलीत दोन्हींचा एकत्र फोटो काढा आणि तिथेच, फुलं हातात असताना, पडद्याशी ताडून पाहा. नंतर आठवणीतून ताडलेलं चालत नाही, कारण आठवण फोटोसारखीच होत जाते.

कॅमेरा लालाकडे झुकणारा निघाला तर एक उपयोगी नियम हाती येतो. अडकलेला निळा आकडा, सेन्सरचा झुकाव आणि फुलाचं वय, तिन्ही चुका एकाच दिशेने, निळ्याकडून जांभळ्याकडे ढकलतात. म्हणून अशा फोटोत सावलीतली जागा निळी आली आणि घशाचे तिन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर फूल निदान तेवढं तरी निळं होतंच. उलट फोटोत जांभळं दिसलं तर निळ्याची शक्यता खोडता येत नाही. निळ्यावर विश्वास ठेवा, जांभळ्यावर थांबा.

एक फोटो, शेवटपर्यंत

माझ्या फोनने काढलेला एक फोटो. वेळ सकाळी 7.40. पडद्यावर फूल लख्ख जांभळं, पानं भडक, काडी धरलेला अंगठा नारिंगीसर. म्हणजे सगळाच फोटो ताणलेला. समोरून पाहिलं तर कोणीही पर्प्युरिया म्हणेल.

उन्हातल्या पाकळीचे आकडे आले 167, 107, 255. निळा अडकलेला, रंग बाद. त्याच पाकळीच्या घडीत आले 62, 39, 140. कोणताही आकडा टोकाला नाही. इथे लाल निळ्याच्या निम्म्याहून कमी आहे, उन्हात तो दोन-तृतीयांश होता. एकाच पाकळीचे दोन भाग दोन वेगळे रंग सांगतायत, यावरूनच उन्हातला जांभळा बनावट आहे हे कळलं. सावलीतल्या घशाचे आकडे 150, 150, 158. निळ्याकडे किंचित कल आहे, पण पाकळीचा एवढा निळेपणा त्यातून येणार नाही. माझा फोन लालाकडे झुकतो हे आधी तपासलेलं होतं. म्हणून नोंदीत रंग लिहिला: 'निळा ते जांभळट निळा, ताजं फूल, घसा पांढरा.'

यातून लालसर जांभळी, गुलाबी फुलं बाद झाली. पर्प्युरियाची शक्यता कमी झाली, पूर्ण गेली नाही, कारण तिच्यात निळसर जांभळं फूलही येतं. निल आणि इंडिका दोन्ही उभ्या राहिल्या. रंगाचं काम इथे संपलं.

आता निदलं. फोटोच्या कडेला एक फूल आडवं आलं होतं. निदल लांब, अरुंद, टोकाकडे दोऱ्यासारखं निमुळतं, आणि त्याची लांबी फुलाच्या लांबीच्या साधारण दोन-पंचमांश. ही फुलं बहुधा 5 ते 6 सेंटिमीटर लांब असतात, म्हणजे निदल 2 सेंटिमीटर किंवा थोडं जास्त. पर्प्युरियाची निदलं 1.1 ते 1.6 सेंटिमीटर, रुंद आणि टोकाशी एकदम निमुळती होणारी. ती इथे बसत नाही. इंडिकाची निदलं 2.2 सेंटिमीटरपर्यंत जातात आणि हळूहळू निमुळती होतात, त्यामुळे लांबीवरून ती खोडता येत नाही. तिला खोडलं लवीने: इंडिकाची निदलं गुळगुळीत असतात किंवा त्यांची लव अंगाला चिकटलेली असते. या फोटोत निदलांच्या तळाशी लांब, ताठ केस बाहेरच्या बाजूला उभे राहिलेले दिसत होते. हे निलचं लक्षण. पान तीन खंडांचं होतं, ते निलशी जुळतं, पण इतर दोघींतही तशी पानं येतात म्हणून त्याला मी वजन दिलं नाही.

नाव लिहिलं: आयपोमिया निल. जिच्या बिया काळादाणा म्हणून ओळखल्या जातात तीच ही वेल.

लांबीचं हे गुणोत्तर काढताना फूल कॅमेऱ्याला बरोबर आडवं असायला हवं. तिरकं असेल तर नळी आखूड दिसते आणि निदल उगाच लांब वाटतं. आणि निदलं दिसतच नसतील, तर 'आयपोमिया, निळ्या फुलाची' एवढंच लिहून थांबा.

पुढच्या वेळी फोटो काढताना

दोन फोटो काढा, एक समोरून आणि एक बाजूने. बाजूचा फोटो निदलांवर फोकस करून, जवळून, केस दिसतील असा काढा. एकच काढायला वेळ असेल तर तो बाजूचा काढा.

समोरच्या फोटोसाठी फुलावर आपल्या अंगाची सावली पाडा आणि उजेड मुद्दाम कमी करा, एक्स्पोजर −0.7 ते −1 पर्यंत. फोटो काळपट वाटेल, वाटू दे. काळपट फोटो नंतर उजळता येतो. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम, म्हणजे कोणता आकडा किती ठिपक्यांत आला याचा आलेख, असेल तर निळ्याचा डोंगर उजव्या भिंतीला टेकत नाही ना, ते पाहा. नुसत्या उजेडाचा एकच हिस्टोग्राम इथे फसवतो, कारण त्यात निळ्याचा वाटा फार लहान असतो आणि तो अडकला तरी कळत नाही. रॉ फाइल घेता येत असेल तर घ्या, तिच्यात फोनच्या सॉफ्टवेअरने वाढवलेलं सॅच्युरेशन सहसा नसतं.

फुलाला टेकून, त्याच सावलीत, पांढऱ्या कागदाचा तुकडा धरा. साध्या कागदात चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे तो किंचित निळा येतो. फोटोग्राफीचं करडं कार्ड असेल तर उत्तम, नसेल तर कागदही काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा.

आणि कॅमेरा खाली ठेवायच्या आधी डोळ्याने पाहिलेला रंग वहीत लिहा, वेळेसकट. नुसतं 'निळा' लिहू नका. 'आकाशीपेक्षा गडद, शिरांवर जांभळट, घसा पांढरा, कडेला गुलाबी नाही, 7.40' असं लिहिलं की तीच ओळ पुढे फोटोतल्या आकड्यांच्या शेजारी ठेवता येते.